पेऑफ मिळूनही तोटा का? बुल कॉल स्प्रेड आणि लाँग स्ट्रॅडलचं ब्रेकइव्हन

प्रश्न: बर्डीवरच्या क्लासमध्ये निफ्टीचं उदाहरण दिलं होतं. २५,००० चा कॉल २२० ला, २५,००० चा पुट १९० ला आणि २५,३०० चा कॉल १०० ला. बुल कॉल स्प्रेडचं ब्रेकइव्हन मी २५,२२० काढलं, आणि स्ट्रॅडलची दोन, २४,८१० आणि २५,२२०. सर म्हणाले तिन्ही चुकले. शिवाय पेऑफ आणि नफा असे दोन वेगळे रकाने कशाला लागतात तेही कळलं नाही. नागपूरचे कोणी जाणकार समजावून सांगाल का?

उत्तर:

तुमच्या तिन्ही आकड्यांत चूक एकच आहे, आणि ती बेरीज-वजाबाकीची नाही. तुम्ही ब्रेकइव्हन एकेका ऑप्शनचं काढलंत. २५,००० चा नुसता कॉल २२० ला घेतला असता, तर २५,२२० हेच बरोबर उत्तर होतं. नुसता पुट १९० ला घेतला असता, तर २४,८१० बरोबर होतं. पण स्प्रेड काय किंवा स्ट्रॅडल काय, दोन ऑप्शन मिळून एक व्यवहार होतो, आणि ब्रेकइव्हन त्या अख्ख्या व्यवहाराचं असतं. दुसऱ्या ऑप्शनचा प्रीमियम तुम्ही हिशेबात धरलाच नाही. पुढे दिसेल की तुमचं प्रत्येक उत्तर बरोबर तेवढ्याच रकमेने हुकलं आहे.

आधी दोन रकान्यांचं बघू, कारण तिथला घोळ सुटला की बाकीचं आपोआप सुटतं. पेऑफ म्हणजे एक्सपायरीच्या दिवशी ऑप्शनमधून हातात येणारे पैसे. तो ठरवायला फक्त दोन गोष्टी लागतात, निफ्टी कुठे बंद झाला आणि स्ट्राइक कोणती होती. प्रीमियमचा त्यात काही संबंध नाही. नफा म्हणजे त्या पेऑफमधून सुरुवातीला खिशातून गेलेला निव्वळ प्रीमियम वजा केल्यावर उरलेली रक्कम. आपल्याकडे बऱ्याच जणांचा गोंधळ विसारामुळे होतो. संत्र्याचा बगीचा घेणारा व्यापारी विसार देतो आणि शेवटी तो ठरलेल्या किमतीतून वळता होतो. प्रीमियमही तसाच असेल असं वाटतं. पण प्रीमियम वळता होत नाही. तो हक्काची किंमत आहे. दिला की गेला, आणि स्ट्राइक एका रुपयानेही कमी होत नाही. म्हणून तो वेगळ्या रकान्यात, वेगळा वजा करावा लागतो.

आता स्प्रेड. तुम्ही २५,००० चा कॉल २२० ला घेता आणि २५,३०० चा कॉल १०० ला विकता. २२० जातात, १०० येतात, म्हणजे निव्वळ खर्च १२०. पेऑफसाठी एक्सेलमध्ये A2 मध्ये निफ्टीचा बंद भाव लिहा आणि शेजारच्या दोन खान्यांत हे टाका:

```
B2:  =MAX(A2-25000,0)-MAX(A2-25300,0)
C2:  =B2-120
```

B हा पेऑफ, C हा नफा, दोन्ही पॉइंटमध्ये. उणे चिन्हाच्या पुढचा भाग हा तुम्ही विकलेला कॉल. त्याची देणी तुमच्या अंगावर आहेत, म्हणून तो वजा होतो. वेगवेगळे बंद भाव टाकले की असं येतं:

| निफ्टीचा बंद भाव | पेऑफ | नफा |
|---|---|---|
| २४,९०० | ० | −१२० |
| २५,००० | ० | −१२० |
| २५,०६० | ६० | −६० |
| २५,१२० | १२० | ० |
| २५,२२० | २२० | +१०० |
| २५,३०० | ३०० | +१८० |
| २५,७०० | ३०० | +१८० |

२५,२२० ची ओळ बघा. तुम्ही जिथे ब्रेकइव्हन म्हणालात, तिथे व्यवहार १०० पॉइंट नफ्यात आहे. हे १०० कुठून आले? विकलेल्या कॉलचे जे १०० तुमच्या हिशेबातून सुटले, तेच हे.

ब्रेकइव्हन सूत्राने पाठ करण्यापेक्षा मी पट्ट्या पाडून काढायला सांगतो, कारण ही रीत कोणत्याही व्यवहाराला चालते. स्ट्राइकमुळे भावाच्या रेषेचे तीन तुकडे होतात. २५,००० च्या खाली पेऑफ शून्य, नफा कायम −१२०, तो शून्य होणं शक्यच नाही. २५,३०० च्या वर विकलेला कॉल घेतलेल्या कॉलचा पुढचा सगळा नफा खातो, त्यामुळे पेऑफ ३०० वर अडतो आणि नफा कायम १८०. तिथेही शून्य नाही. राहिला मधला तुकडा. तिथे नफा म्हणजे बंद भाव वजा २५,००० वजा १२०. तो शून्य धरला की २५,१२०. शेवटी एक तपासणी करायची, मिळालेलं उत्तर खरंच त्याच तुकड्यात पडतं का? २५,१२० हे २५,००० आणि २५,३०० च्या मध्ये आहे, म्हणजे उत्तर पक्कं. ही तपासणी गाळली की लोक कधीकधी पट्टीच्या बाहेरचा आकडा ब्रेकइव्हन म्हणून लिहून मोकळे होतात. निव्वळ खर्च दोन स्ट्राइकमधल्या अंतरापेक्षा, म्हणजे इथे ३०० पेक्षा जास्त निघाला, तर ब्रेकइव्हन अस्तित्वातच नसतं. भाव कुठेही गेला तरी तोटा. असा आकडा आला तर बहुधा भाव वाचण्यात चूक झालेली असते.

रुपयांत आणायला लॉटने गुणायचं. मी ६५ चा लॉट धरतो. एक्सचेंज तो अधूनमधून बदलतं, तेव्हा तुमच्या करारात असेल तो घ्या. जास्तीत जास्त तोटा १२० × ६५ = ७,८०० रुपये, जास्तीत जास्त नफा १८० × ६५ = ११,७०० रुपये. ब्रेकइव्हनवर मात्र लॉटचा काही परिणाम होत नाही, तो निफ्टीचाच एक भाव आहे.

आता २५,०६० च्या ओळीवर जरा थांबा, कारण दोन रकाने का लागतात त्याचं खरं उत्तर तिथे आहे. पेऑफ ६० आहे आणि नफा उणे ६०. नफ्याचा रकाना बघून कोणी म्हणेल, व्यवहार तोट्यात आहे, याला आता काही किंमत नाही. ते चूक आहे. १२० तर पहिल्याच दिवशी गेले. आज समोर ६० पॉइंट, म्हणजे ३,९०० रुपये आहेत. ते घेतले तर तोटा ७,८०० वरून निम्म्यावर येतो. एक्सपायरीला हक्क वापरायचा की नाही हे पेऑफ ठरवतो. व्यवहार एकूण कसा गेला हे नफा सांगतो. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत आणि त्यांचा हिशेब रोखीत होतो. बंद भावाला ज्यात पैसा आहे तो कॉल किंवा पुट आपोआप वापरला जातो. त्यामुळे शेवटपर्यंत थांबलात तर हा निर्णय तुम्हाला घ्यावा लागत नाही. पण शेवटच्या दिवशी दुपारी पोझिशन मोडायची की नाही हे ठरवताना हाच विचार लागतो. आणि मोडायचीच असेल, तर आधी विकलेला कॉल परत घ्या, मग घेतलेला विका. उलट केलं तर मधल्या वेळात तुम्ही उघड्यावर कॉल विकून बसलेले असता. ब्रोकरच्या सिस्टीमला तो उघडा कॉलच दिसतो, आणि ती त्याच हिशेबाने मार्जिन मागते. पोझिशन उभी करताना याच कारणाने आधी खरेदी आणि मग विक्री.

स्ट्रॅडलमध्ये काहीच विकलेलं नाही. २५,००० चा कॉल २२० ला आणि त्याच स्ट्राइकचा, त्याच एक्सपायरीचा पुट १९० ला, दोन्ही घेतले. खर्च ४१०, एका लॉटला २६,६५० रुपये.

```
B2:  =MAX(A2-25000,0)+MAX(25000-A2,0)
C2:  =B2-410
```

बंद भाव २५,००० च्या एकाच बाजूला पडू शकतो, त्यामुळे या दोन MAX पैकी एक नेहमी शून्यच असतो. पेऑफ म्हणजे २५,००० पासून निफ्टी जितका दूर गेला तितके पॉइंट, मग तो वर जावो की खाली. पण पैसे दोन्ही ऑप्शनचे भरलेत. कमावणार एक, आणि त्या एकाने दोघांचा खर्च काढायचा. स्ट्रॅडलची सगळी अडचण एवढ्यातच आहे. म्हणून २५,००० पासून ४१० पॉइंट दूर जायला हवं, वर २५,४१० आणि खाली २४,५९०. पट्ट्यांनी तपासा. खालच्या तुकड्यात २५,००० वजा बंद भाव वजा ४१० शून्य धरलं की २४,५९०, जे २५,००० च्या खालीच आहे. वरच्या तुकड्यात तसंच २५,४१०.

| निफ्टीचा बंद भाव | पेऑफ | नफा |
|---|---|---|
| २४,३०० | ७०० | +२९० |
| २४,५९० | ४१० | ० |
| २४,८१० | १९० | −२२० |
| २५,००० | ० | −४१० |
| २५,२२० | २२० | −१९० |
| २५,४१० | ४१० | ० |
| २५,७०० | ७०० | +२९० |

तुमच्या दोन्ही उत्तरांच्या ओळी मुद्दाम घातल्या आहेत. २५,२२० वर कॉलने स्वतःचे २२० भरून काढले, पण पुटचे १९० बुडाले, आणि तूट नेमकी १९० च आहे. २४,८१० वर पुटने आपले १९० काढले, कॉलचे २२० बुडाले. गाळलेल्या ऑप्शनचा प्रीमियम दोन्ही ओळींत तूट म्हणून परत आला. स्प्रेडमध्ये तो प्रीमियम मिळालेला होता म्हणून तिथे चूक नफ्याच्या बाजूने दिसली. स्ट्रॅडलमध्ये तो दिलेला आहे म्हणून तोट्याच्या बाजूने. सरावाला दुसरं कोणतंही उदाहरण घ्या, ब्रेकइव्हन म्हणून काढलेला भाव A2 मध्ये टाका आणि C2 बघा. शून्य आलं नाही, तर जो आकडा आला तो कुठल्या प्रीमियमएवढा आहे हे शोधा. काय गाळलं ते लगेच सापडतं.

खाली २४,५९० ते वर २५,४१० हा ८२० पॉइंटचा पट्टा पूर्ण तोट्याचा आहे. सर्वांत मोठा तोटा, सगळेच्या सगळे ४१०, फक्त बरोबर २५,००० वर बंद झाला तरच होतो. वरच्या बाजूला नफ्याला मर्यादा नाही. खालच्या बाजूला, निदान कागदावर, आहे. निर्देशांक शून्यापर्यंतच जाऊ शकतो, म्हणून २४,५९० पॉइंट. प्रत्यक्षात या मर्यादेचा काही उपयोग नाही, पण परीक्षेत ‘दोन्ही बाजूंना अमर्याद’ असं लिहिलं तर गुण जातात.

दोन्ही शेजारी ठेवून एक गोष्ट बघा. निफ्टी ३०० पॉइंट वाढून २५,३०० ला बंद झाला. स्प्रेड १८० नफ्यात, स्ट्रॅडल ११० तोट्यात. बाजार तोच, वाढ तीच. स्प्रेड घेणाऱ्याला दिशा बरोबर लागावी लागते, पण पल्ला थोडा चालतो. स्ट्रॅडल घेणाऱ्याला दिशा कोणतीही चालते, पण पल्ला मोठा लागतो. ‘बाजार हलणार’ एवढंच मत असेल तर स्ट्रॅडलला ते पुरत नाही. या भावांना ‘४१० पेक्षा जास्त हलणार’ असं मत लागतं, म्हणजे एक्सपायरीपर्यंत सुमारे १.६४ टक्के.

इथपर्यंत वहीतलं झालं. प्रत्यक्ष व्यवहारात ब्रेकइव्हन तीन कारणांनी सरकतं.

पहिलं कारण म्हणजे तुम्हाला मिळालेले भाव. स्क्रीनवर दिसणारा भाव शेवटच्या सौद्याचा असतो, आणि दोन स्ट्राइकचे शेवटचे सौदे वेगवेगळ्या क्षणी झालेले असू शकतात. समजा २५,३०० चा कॉल १०० ऐवजी ९४ ला विकला गेला. निव्वळ खर्च १२६, ब्रेकइव्हन २५,१२६, जास्तीत जास्त नफा १७४. सहा पॉइंट दोन्हीकडून गेले. म्हणून ब्रेकइव्हन कॉन्ट्रॅक्ट नोटवरच्या भावांवरून पुन्हा काढायचं, ऑर्डर टाकताना मनात धरलेल्या भावांवरून नाही.

दुसरं कारण म्हणजे खर्च. ब्रोकरेज, एसटीटी, एक्सचेंजचे आकार, जीएसटी, स्टँप ड्युटी हे सगळं रुपयांत असतं, ते लॉटने भागून पॉइंटमध्ये आणायचं. समजा सगळं मिळून १९५ रुपये झाले. १९५ भागिले ६५ म्हणजे ३ पॉइंट. स्प्रेडचं ब्रेकइव्हन २५,१२३ होतं. स्ट्रॅडलमध्ये दोन्ही टोकं बाहेर सरकतात, २४,५८७ आणि २५,४१३. ब्रोकरेज दर ऑर्डरमागे ठरलेलं असेल, तर एका लॉटवर त्याचा भार जास्त पडतो, पाच लॉटवर तो वाटला जातो.

एसटीटीचं एक बारीक कलम मात्र नीट समजून घ्या. ऑप्शन एक्सपायरीला वापरला गेला की तो कर घेणाऱ्यावर लागतो, आणि तो बंद भाव व स्ट्राइक यांच्यातल्या फरकावर असतो. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी तो कराराच्या पूर्ण मूल्यावर लागायचा, तेव्हा जेमतेम पैशात आलेला ऑप्शन वापरला जाणं म्हणजे नुकसानच असायचं. आता तसं नाही. पण स्प्रेडमध्ये कर घेतलेल्या कॉलच्या फरकावर लागतो, तुमच्या निव्वळ पेऑफवर नाही. निफ्टी २५,९०० ला बंद झाला तर तुम्हाला मिळणार ३०० च, कर मात्र ९०० पॉइंटवर. दर ०.१५ टक्के धरला तर १.३५ पॉइंट, आणि २५,३०० ला बंद झाला असता तर ०.४५. म्हणजे आलेखात २५,३०० नंतर आडवी दिसणारी रेषा प्रत्यक्षात किंचित खाली झुकते. रक्कम लहान आहे, पण खात्यातले पैसे तक्त्याशी का जुळत नाहीत असा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर बऱ्याचदा इथे असतं. दर अर्थसंकल्पात बदलतात, व्यवहाराच्या दिवशीचा दर बघूनच हिशेब करा.

तिसरं कारण बंद भावाचं. एक्सपायरीचा हिशेब साडेतीनला स्क्रीनवर दिसलेल्या शेवटच्या आकड्यावर होत नाही. एक्सचेंज जो अधिकृत बंद भाव जाहीर करतं त्यावर होतो, आणि दोन्हींत काही पॉइंटचा फरक पडू शकतो. ब्रेकइव्हनच्या अगदी काठावर असाल तर स्क्रीन नफा दाखवते आणि खात्यात तोटा जमा होतो.

हे सगळे तक्ते एक्सपायरीच्या एकाच क्षणाचे आहेत, हे विसरू नका. त्याआधी ऑप्शनच्या भावात उरलेल्या दिवसांची किंमतही असते. निफ्टी तीन दिवस आधीच २५,३०० वर पोचला, तरी स्प्रेड १८० दाखवणार नाही. विकलेल्या २५,३०० च्या कॉलमध्ये अजून वेळेची बरीच किंमत शिल्लक असते, आणि परत घ्यायला तो महाग पडतो. स्ट्रॅडलमध्ये उलटं घडू शकतं. मोठी बातमी यायच्या आधी दोन्ही प्रीमियम फुगलेले असतात आणि बातमी आल्यावर दोन्ही एकदम उतरतात. त्यामुळे निफ्टी २०० पॉइंट हलूनही पोझिशन तोट्यात दिसते. तो तक्त्याचा दोष नाही, तक्ता त्या दिवसाचा नाहीच.

आणि हेच गणित निफ्टीऐवजी एखाद्या शेअरच्या ऑप्शनवर करणार असाल तर एक फरक मोठा आहे. शेअरचे ऑप्शन रोखीत मिटत नाहीत, प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. स्प्रेडमध्ये बंद भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये पडला, तर घेतलेला कॉल वापरला जातो आणि विकलेला शून्यावर संपतो. मग लॉटभर शेअर स्ट्राइकच्या भावाने घ्यायला पूर्ण पैसे खात्यात लागतात. काही हजारांच्या व्यवहाराला काही लाख. स्ट्रॅडलमध्ये पुट पैशात असेल तर लॉटभर शेअर द्यावे लागतात, आणि ते डिमॅटमध्ये नसले तर मामला लिलावापर्यंत जातो. एक्सपायरीच्या आधीचे काही दिवस ब्रोकर मार्जिन वाढवत नेतो ते यासाठीच. शेअरच्या ऑप्शनमधली अशी पोझिशन शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका, दोन्ही ऑप्शन आधीच मोडून बाहेर पडा. त्या वेळी तुम्हाला मिळेल तो तेव्हाचा बाजारभाव. वरच्या तक्त्यातला आकडा त्याच्याशी जुळणार नाही, आणि जुळायलाच हवा असंही नाही.